गच्चीवरचे कूलर आणि माझ्या दोन नोटिसा

प्रश्न: आमच्या सोसायटीतल्या एका मेंबरने कॉमन गच्चीवर स्वतःचं सामान भरून ठेवलंय. सेक्रेटरी म्हणून मला नोटीस द्यायची आहे. कडक लिहू का साधी?

साधी लिहा. मी कडक लिहिली होती आणि तोंडावर आपटलो, म्हणून सांगतोय.

आमची बिल्डिंग भुसावळला, तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरचे नाना कूलर रिपेअरिंगचं काम करतात, दुकान छोटं आहे, म्हणून दसऱ्यानंतर गिऱ्हाइकांचे कूलर सांभाळायला घेतले की ते गच्चीवर चढायचे. पहिल्या वर्षी पाच-सहा होते. "होळीपर्यंत रे भो, मग ज्याचा तो घेऊन जातो," असं म्हणाले, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरवाल्याशी कोण वाकडं घेतं? तिसऱ्या वर्षी पत्र्याच्या बॉड्या, लोखंडी स्टँड, गवताच्या पॅडची पोती असा सगळा गोदामाचा माल झाला, त्यात अर्धा असा की ज्याचं गिऱ्हाईक परत आलंच नाही. सगळं पूर्वेच्या बाजूला, जिथे पाण्याच्या टाक्या आणि पावसाच्या पाण्याचे दोन पाईप आहेत तिथेच.

आता खान्देशात चैत्र-वैशाखात गच्ची म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. बिबडे, कुरडया, उडदाचे पापड सगळं तिथेच, आणि रात्री लाईट गेली की गाद्या पण तिथेच. गावाकडे धाब्यावर जे व्हायचं ते इथे स्लॅबवर होतं एवढाच फरक. तर त्या वर्षी आखाजीच्या आधी माझी आई सकाळी सहाला कुरडयाच्या चिकाचं पातेलं घेऊन तीन जिने चढली, सोऱ्या एका हातात, जुनी साडी खांद्यावर, आणि वर साडी अंथरायला सलग जागा नाही. उरलेल्या बाजूला आधीच तीन घरांचे पापड. शेवटी तिने जिन्याच्या वळणावर अर्ध्या सावलीत कुरडया घातल्या, त्या नीट वाळल्या नाहीत, वास आला, टाकून द्याव्या लागल्या. आई काही बोलली नाही, पण मी त्या रात्री नोटीस लिहिली.

काय लिहिलं होतं ते अजून पाठ आहे. "आपण सोसायटीची गच्ची बळकावली असून 48 तासांत सामान न हटवल्यास ते भंगारात देण्यात येईल व होणाऱ्या नुकसानीस आपण जबाबदार राहाल." खाली माझी एकट्याची सही, शिक्का, आणि वर शहाणपणा म्हणजे फोटो काढून ग्रुपवर टाकला. नाना सकाळी दारात. "गच्ची तुना बापनी शे का?" मला वाटलं अरे, हा तर मी विचारायचा प्रश्न.

आठ-दहा दिवसांनी त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं आणि त्यात तीन मुद्दे होते, तिन्ही खरे. एक, ही नोटीस कमिटीच्या कोणत्या मिटिंगच्या ठरावाने दिली? ठराव नव्हताच. दोन, दुसऱ्याची मालमत्ता परस्पर भंगारात घालायचा अधिकार सेक्रेटरीला कोणी दिला? कोणीच नाही, तसं केलं असतं तर उलट माझ्यावरच तक्रार झाली असती. तीन, आणि हे लागलं, की खुद्द सेक्रेटरीच्या चार कुंड्या आणि एक बाज गच्चीवर आहे तिचं काय? होती. बायकोच्या कुंड्या आणि वडिलांची बाज.

आमचे चेअरमन आबा, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांनी ते पत्र वाचून घडी घालून माझ्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, मी म्हणत होतो तोंडी सांगा, एका जिन्यातली माणसं आपण, नोटीस दिली की बोलणं संपतं. ते आजही हेच म्हणतात. माझं म्हणणं असं की तोंडी तीन वर्षं सांगितलं होतं ना! दरवेळी तोंडी सांगणारा वेगळा, ऐकणारा तोच, आणि दरवेळी "होळीपर्यंत". तोंडी सांगण्याचा हिशोब राहत नाही आणि ज्याचं सामान आहे त्याला खरंच वाटायला लागतं की कोणाची हरकत नाही. बोलणं नोटिशीने नाही संपलं, माझ्या भाषेने आणि त्या ग्रुपवरच्या फोटोने संपलं. हे आबांना मान्य नाही, असो.

मग मृगाचा पहिला मोठा पाऊस आला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये पंख्याजवळून थेंब पडायला लागले. आम्ही वर गेलो तर घोट्याएवढं पाणी साचलेलं. पाईपच्या तोंडापर्यंत जायला आठ-नऊ बॉड्या सरकवाव्या लागल्या, आणि जाळीवर कूलरच्या पॅडमधलं गवत, पाखराच्या घरट्यासारखं घट्ट बसलेलं. नानांना बोलावलं, त्यांनीच हात घालून मूठभर बाहेर काढलं, भस्सकन पाणी ओसरलं. तोंडाने काही बोलले नाहीत पण बघितलं सगळ्यांनी. माझ्या लक्षात आलं की आपण नोटिशीत "बळकावली" लिहीत बसलो आणि लिहायचं हे होतं, की या सामानामुळे नेमकं कोणाचं काय अडतंय.

दुसऱ्या वेळी क्रम असा केला. आधी स्वतःच्या कुंड्या आणि बाज खाली आणली, आणि बाराही फ्लॅटना एकच सूचना दिली की ज्याचं जे वर असेल ते काढा. हे टाळू नका, एकट्याला नोटीस दिली की पहिलं उत्तर "बाकीच्यांचं काय" हेच येतं. मग कमिटीची मिटिंग, ठराव प्रोसिडिंगला लिहिला. मग एक रविवार ठरवून नानांना लेखी कळवून गच्चीची पाहणी, टेप लावून जागा मोजली, सामान मोजलं, कागदावर लिहिलं, दोन मेंबरच्या सह्या. बॉड्या 17, स्टँड 11, पॅडची पोती 8. नानांनी सही केली नाही पण "सतरा नाही सोळा, एक काकूंचाच आहे" असं म्हणाले, म्हणून 16 लिहिलं. अशी चूक तिथल्या तिथे दुरुस्त झाली की नंतर वकिलाला काही उरत नाही.

आणि मजकूर एवढाच: "रविवारच्या पाहणीत गच्चीच्या पूर्व बाजूस अंदाजे 18 बाय 12 फूट जागेत सोबतच्या यादीप्रमाणे आपलं सामान आढळलं. त्यामुळे पाण्याच्या टाक्यांपर्यंत जाता येत नाही, पावसाच्या पाण्याचे दोन्ही पाईप साफ करता येत नाहीत आणि सभासदांना वाळवणासाठी ही जागा वापरता येत नाही. गच्ची सर्व सभासदांच्या सामाईक वापराची असल्याने हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत सामान काढून जागा पूर्वीप्रमाणे मोकळी करावी. आपलं काही म्हणणं असल्यास याच मुदतीत लेखी द्यावं किंवा कमिटीला भेटावं." तारीख, ठराव क्रमांक, खाली "कमिटीच्या वतीने". 15 दिवस मी माझ्या अंदाजाने दिले, माल हलवायला टेम्पो आणि दुसरी जागा बघावी लागते, 48 तास हा फक्त राग असतो.

दंडाचं सगळे विचारतात. आदर्श उपविधीत तरतूद आहे की सामाईक जागेवर अतिक्रमण केलं तर ती मोकळी करायची आणि जितके महिने अतिक्रमण तितके महिने मासिक मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम भरायची. आमचा मेंटेनन्स 500, म्हणजे महिन्याला 2500. आमच्यातले दोघं म्हणाले तीन वर्षांचे लावा, 90,000 होतात. मी म्हटलं तीन वर्षं आपणच होळीपर्यंत हो हो म्हणत होतो, कोणत्या तोंडाने मागणार? मोजायचंच तर पाहणीच्या तारखेपासून मोजा, कारण लेखी तारीख तेवढीच आहे. पहिल्या पत्रात आकडा टाकूच नका. "उपविधीतील अतिक्रमणाच्या तरतुदीकडे लक्ष वेधत आहोत" एवढी ओळ आम्ही टाकली. नाना ती ओळ घेऊन आबांकडेच गेले, आणि आबांनी चष्मा लावून त्यांना पुस्तकातून वाचून दाखवली. तोंडी सांगायचं काम असं झालं एकदाचं, पण कागद आधी गेला म्हणून झालं.

पत्र दोन प्रतीत न्यायचं, एक त्यांना, एकीवर पोच घ्यायची. नानांनी पोच दिली नाही, तर आम्ही त्याच दिवशी पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं आणि एक प्रत नोटीस बोर्डावर लावली, ग्रुपवर नाही. बाराव्या दिवशी टेम्पो आला. चार बॉड्या राहिल्या, त्यांनी आठवडा वाढवून मागितला, आम्ही तो पण लेखीच दिला. दंड घेतला नाही.

तुमच्याकडे मुदत संपूनही सामान हललं नाही तर दुसरी नोटीस, मग जनरल बॉडीपुढे त्यांना बोलायची संधी देऊन ठराव, आणि तरी नाहीच तर सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय. त्यात वेळ जातो. पण काही झालं तरी सामानाला स्वतः हात लावू नका, पावसात पाईप तुंबला म्हणून बाजूला सरकवणं वेगळं आणि उचलून खाली टाकणं वेगळं.

आता हे आधी सांगायला हवं होतं, पण तुमची रजिस्टर्ड सोसायटी आहे का नुसतं अपार्टमेंट, हे बघा. आपल्या भागात बोर्डावर सोसायटी आणि कागदावर 1970 च्या अपार्टमेंट कायद्याचं डिक्लरेशन अशा बिल्डिंगा आहेत, तिथे वरचे उपविधी आणि कलम 91 चालत नाही, डिक्लरेशनमध्ये काय लिहिलंय ते चालतं. सोसायटी असली तरी तुम्ही जुने उपविधी अजून बदलले नसतील तर पाचपटीची तरतूद त्यात आहे का ते वाचा. आणि त्या मेंबरच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये गच्चीचा काही भाग जोडून दिलाय का तेही आधी तपासा. कधी कधी वरच्या फ्लॅटला मंजूर नकाशातच लागून टेरेस असतं, ते कॉमन नसतं, आणि कधी बिल्डरने नुसतं तोंडी "वरची गच्ची तुमचीच" सांगून टाकलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही.

जागा मोकळी झाल्यावर आबा म्हणाले आता दाराला कुलूपच लावू, म्हणजे परत कोणी काही नेणार नाही. मी म्हटलं आबा, नानांनी अर्धी गच्ची घेतली होती, तुम्ही पूर्ण घेताय. कुलूप लावलं नाही. या वर्षी आईने कुरडया घातल्या तेव्हा नानांच्या सुनेचे बिबडे पण शेजारीच राखणीला होते.