सुवर्ण रोख्याचे सहामाही व्याज आणि धारण प्रमाणपत्र

प्रश्न : ऑगस्ट 2020 मध्ये मी बँकेच्या शाखेत धनादेश देऊन 20 ग्रॅमचे सरकारी सुवर्ण रोखे घेतले. जळगावच्या सराफ बाजारात भाव जवळपास दुप्पट झाला, तरी व्याज 1,333.50 रुपयेच येत होते. ऑगस्ट 2025 मध्ये तेही आले नाही. शाखेत विचारले तर "कर कापला गेला असेल" एवढेच सांगितले. आता काय करावे? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : रकमेबाबतची आपली शंका प्रथम दूर करतो. व्याज आजच्या भावावर नव्हे, तर रोखे देताना ठरलेल्या दरावर मिळते. आपल्या धारण प्रमाणपत्रावर निर्गम दिनांक 11 ऑगस्ट 2020 असेल, तर तो दर प्रतिग्रॅम 5,334 रुपये होता. 20 ग्रॅमचे मूल्य 1,06,680 रुपये, त्यावर वार्षिक अडीच टक्क्यांनी 2,667 रुपये आणि सहामाहीला त्याच्या निम्मे, म्हणजे नेमके 1,333.50 रुपये होतात. भाववाढीचा लाभ व्याजात नाही, तो रोखे परत करताना मिळतो.

शाखेचे उत्तर मात्र मला मान्य नाही. या व्याजावर आपल्याला प्राप्तिकर भरावा लागतो हे खरे. परंतु देतानाच करकपात होत नाही, आणि कपात असती तरी रक्कम कमी आली असती, पूर्ण गायब झाली नसती.

म्हणून आपण प्रमाणपत्रावरील नाव, गुंतवणूकदार क्रमांक, ग्रॅम आणि निर्गम दिनांक तपासून, 11 फेब्रुवारी व 11 ऑगस्टच्या पुढेमागे आठ-दहा दिवसांच्या नोंदी पासबुकात पाहाव्यात. त्यानंतर रोख्याशी जोडलेले बँक खाते कोणते, हे शाखेकडून लेखी घ्यावे. खाते बंद झाले असेल, किंवा शाखांच्या विलीनीकरणात तिचा आयएफएससी क्रमांक बदलला असेल, तर पाठविलेली रक्कम जमा न होता परत जाते. माझ्या मते आपल्या बाबतीत हाच संशय सर्वांत बळकट आहे. रोखे डीमॅट खात्यात असतील, तर खात्याची दुरुस्ती डीमॅट सेवा देणाऱ्या संस्थेकडेच करावी लागते.

रोखे ज्या शाखेतून घेतले, तिथे प्रमाणपत्राची प्रत, रद्द केलेला धनादेश आणि पासबुकाची संबंधित पाने जोडून अर्ज द्यावा. त्यात खाते बदलण्याची आणि थकलेले व्याज नव्या खात्यात पाठविण्याची, अशा दोन्ही मागण्या स्वतंत्रपणे लिहाव्यात. केवळ खाते बदलले म्हणून मागची रक्कम आपोआप येईल असे धरून चालू नये. पोचपावतीवर शिक्का आणि तारीख अवश्य घ्यावी. उत्तर न आल्यास बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जावे, आणि एका महिन्यात दाद न लागल्यास त्याच कागदांसह रिझर्व्ह बँकेला sgb@rbi.org.in या पत्त्यावर लिहावे. तोंडी विचारपूस झाली होती, हे तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही. महिन्याची मोजणी आपल्या शिक्का मारलेल्या अर्जापासून दाखविता येते.