फोडणी कडकडीत दिली, तरी शिळ्या भाताने उलट्या का झाल्या?

प्रश्न: रात्री उरलेला भात सकाळी फोडणीला टाकून चांगला कडकडीत गरम केला होता. वास नव्हता, आंबलाही नव्हता. तरी दोन-अडीच तासांत मला आणि मुलाला उलट्या सुरू झाल्या. चूक कुठे झाली? सोलापूरच्या या उन्हाळ्यात उरलेला भात ठेवायचा तरी कसा?

उत्तर: तुम्ही सांगितलेल्या वेळेवरून माझा पहिला संशय बॅसिलस सीरियस या जिवाणूवर जातो. मी सोलापुरातच अन्नतंत्रज्ञान शिकवते आणि उन्हाळा लागला की हाच विषय दरवर्षी निघतो. खात्री तपासणीनंतरच होते, पण उरलेला भात, मग फोडणी आणि एक ते सहा तासांच्या आत उलट्या, ही या जिवाणूची ओळखीची चाल आहे. तुमच्या फोडणीत काही कमी नव्हतं. जे बिघडायचं ते रात्रीच बिघडलं होतं.

हा जिवाणू मातीतला. तिथून तो धान्यावर येतो, तांदळावर तर हमखास असतो. अडचणीच्या काळात तो स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणू होऊन बसतो, पावसाची वाट बघत जमिनीत पडून राहणाऱ्या बियाण्यासारखा. तांदूळ कितीही धुतले तरी सगळे बीजाणू जात नाहीत आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांनीही सगळे मरतील याचा भरवसा नाही. उलट शिजवण्याच्या आचेने ते जागे व्हायला मदतच होते, आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जिवाणू मेलेले असतात. भात कोमट झाला की ओलावा आणि पिष्ट दोन्ही तयार असतं. मग ते रुजतात आणि वाढायला लागतात.

वाढताना त्यांच्यातले काही प्रकार भातातच एक विष सोडतात, सेरुलाइड नावाचं. खरी मेख इथे आहे. फोडणीत वाढलेले जिवाणू मरतात, पण हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. कढईत, मायक्रोवेव्हमध्ये किंवा पुन्हा कुकरमध्ये ते जात नाही. त्याला वास नाही, रंग नाही. भात चिकट झाला, तार सुटली, आंबूस वास आला तर तो टाकायचाच. पण यातलं काहीच नसलं म्हणून भात चांगला आहे, असं मात्र होत नाही.

आता तुमच्या घरची रात्र डोळ्यासमोर आणू. वेळा माझ्या अंदाजाने धरते. नऊला कुकर उतरला, साडेनऊला जेवणं झाली. उरलेला भात डब्यातच, डबा कुकरमध्ये, खाली गरम पाणी, वर झाकण. अशा डब्याच्या मधला भात तासन् तास कोमट राहतो. मे महिन्यात आपल्याकडे स्वयंपाकघर रात्रीही तीस अंशांच्या आसपास असतं, आणि या जिवाणूला तीस ते पस्तीस अंश फार मानवतात. समजा अकरापर्यंत भात त्या टप्प्यात आला आणि एका ग्रॅममध्ये शंभर जिवाणू रुजले. अर्ध्या तासात दुप्पट या वेगाने पाच तासांत ते लाखावर जातात, म्हणजे पहाटे चारपर्यंत. सकाळी सातला तुम्ही कढई ठेवलीत, तोवर विष तयार झालेलं असू शकतं.

१९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये चिनी हॉटेलांतला फ्राइड राइस खाऊन लोक असेच आजारी पडले होते. परतताना दाणे मोकळे राहावेत म्हणून तिथे भात आधी भरपूर शिजवून बाहेरच ठेवत. फोडणीच्या भाताला शिळाच भात बरा म्हणतो तेव्हा आपणही तेच करत असतो. शिळा भात घ्यायला माझी हरकत नाही, फक्त तो फ्रीजमध्ये शिळा झालेला हवा.

ठेवायची पद्धत अशी. जेवणं झाली की भात कुकरमधून लगेच बाहेर काढा. परातीत किंवा मोठ्या ताटात पसरा, थर दोन बोटांपेक्षा जाड नको. स्वच्छ उलथन्याने ढेकळं मोडा, जाळीचं झाकण ठेवा आणि पंखा लावा. ताटाखाली गार पाण्याची परात ठेवली तर आणखी लवकर निवतो. वाफ थांबून भात कोमट झाला की पसरट, उथळ डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. शिजल्यापासून हे सगळं तासाभरात व्हायला हवं. थोडं कोमट ठेवल्याने फ्रीज बिघडत नाही. भात पूर्ण गार होऊ दे म्हणून ओट्यावर ठेवून झोपणं हेच जास्त घातक. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढा, वाफ येईपर्यंत सगळीकडून गरम करा आणि संपवा. उरला तर पुन्हा ठेवू नका. डब्यातला भातही दुसऱ्या दिवसापलीकडे नेऊ नका.

फ्रीज आतून पाच अंशांच्या खाली आहे का, हेही एकदा बघा. साधा थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की कळतं. २००३ साली बेल्जियममध्ये एका घरातल्या पाच मुलांना पास्ता सॅलड खाऊन विषबाधा झाली आणि सात वर्षांची मुलगी दगावली. तो पास्ता फ्रीजमध्येच होता, पण फ्रीजचं तापमान चौदा अंश निघालं. ही गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगते. लाईट गेली तर फ्रीज उघडू नका; बंद ठेवला तर साधारण चार तास गारवा टिकतो. त्याहून जास्त वेळ लाईट नसेल तर तो भात टाकून द्या.

फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात भात मोजूनच लावा आणि भूक उरली तर भाकरी घ्या. आपली कडक भाकरी महिनोन् महिने टिकते, कारण तिच्यात ओलावाच उरत नाही. बीजाणू असले तरी त्यांना रुजायला पाणी नाही.

मटणाच्या रश्शाचं गणित थोडं वेगळं आहे. मोठ्या पातेल्यात रात्रभर कोमट राहिलेल्या रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो, तोही बीजाणूवाला. पण त्याचं विष मुख्यतः आपल्या आतड्यात तयार होतं, त्यामुळे रस्सा खळाखळा उकळला तर वाढलेले जिवाणू मरतात आणि धोका बराच कमी होतो. तरीही रस्सा लहान भांड्यांत वाटून लवकर थंड करा. उकळण्याचा हा आधार भाताला मात्र नाही.

अशा उलट्या बहुतेकदा चोवीस तासांत थांबतात. तोवर ओआरएस घोटघोट देत राहा. मूल सुस्त पडलं, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, ताप आला किंवा शौचातून रक्त गेलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर त्याआधीच जा. आदल्या दिवशीचा भात खाल्ला होता आणि किती वाजता खाल्ला, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि थोडा भात उरला असेल तर तो फेकू नका, डब्यात बंद करून फ्रीजमध्ये ठेवा. तपासणीची वेळ आली तर तोच लागतो.