ताळा जुळला, मग पेटीत साडेचारशे जास्त कसे?

शाळेत बेरजेचा ताळा नऊ टाकून पाहायचो. आता मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे आला आहे, पण रीत अर्धवटच आठवते. एकदा करून दाखवाल का?

गणपतीच्या खर्चाचंच पान घेऊ. प्रत्येक रकमेतले अंक मिळवायचे, उत्तर दोन अंकी आलं तर ते अंकही मिळवायचे, आणि राहिलेला एक अंक पेन्सिलीने शेजारी लिहायचा. मधे कुठे नऊ झाले तर ते सोडून द्यायचे.

मांडव १८,७५० : शेष ३
मूर्ती १२,४०० : शेष ७
रोषणाई ९,८६५ : शेष १
प्रसाद ६,२७८ : शेष ५
हार-फुले ३,९४६ : शेष ४
ढोल-ताशा १५,५०० : शेष २
छपाई १,८३७ : शेष १
एकूण ६८,५७६

उजवीकडचे शेष मिळवले की २३ होतात, म्हणजे ५. एकूण रकमेतले अंक ६+८+५+७+६ मिळून ३२, म्हणजे तेही ५. ताळा जुळला.

यामागचं कारण सोपं आहे. दहा रुपये नऊ जणांत सारखे वाटले तर एक उरतो. शंभर वाटले, हजार वाटले, तरी एकच उरतो. म्हणून ६८,५७६ मधल्या सहा दहा-हजारांतून सहा उरतात, आठ हजारांतून आठ, आणि असंच पुढे. अंकांची बेरीज म्हणजे नऊ जणांत वाटून उरलेली रक्कम. प्रत्येक खर्चातून उरलेलं एकत्र केलं तर ते एकूण खर्चातून उरलेल्याइतकंच भरायला हवं.

मात्र या वाटणीत शंभराचा एक आणि हजाराचा एक सारखेच ठरतात. अंक किती हे या ताळ्याला कळतं, तो कोणत्या घरात बसला आहे हे कळत नाही. पुढच्या बहुतेक प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

ताळा जुळला की बेरीज बरोबर असं धरून चालतो. चालेल ना?

नाही. ताळा चुकला तर चूक नक्की आहे, मग ती बेरजेत असेल किंवा ताळा करताना झाली असेल. जुळला तर मात्र एवढंच कळतं की चूक असलीच, तर ती नऊच्या पटीत आहे. मनाला येईल तो आकडा उत्तर म्हणून ठोकला, तरी नऊपैकी एकदा ताळा जुळून जाईल. पण माणूस असा वाटेल तिथे चुकत नाही. त्याच्या चुकांना ठरलेल्या वाटा असतात, म्हणून नऊपैकी एक या हिशोबावर मी फार विसंबत नाही.

वरच्याच पानावर पाहा. शतकाच्या रकान्यात हातच्यासह ४५ होतात. पाच खाली, चार हातचे. हातचे चाराऐवजी तीनच धरले तर एकूण ६७,५७६ येईल. अंकांची बेरीज ३१, शेष ४, चूक सापडली. चारही हातचे विसरलात तर ६४,५७६, शेष १, तेही सापडलं. हातच्याच्या चुका पकडण्यात या ताळ्याचा हात धरणारा नाही.

आता घाईत पंचेचाळीसचे चार खाली लिहिले आणि पाच हातचे धरले, असं समजा. ही चूक मी स्वतः कित्येकदा केली आहे. हजारांचा रकाना ३९ होतो आणि एकूण येतात ६९,४७६. अंक मिळवा : ३२, शेष ५. ताळा जुळला आणि बेरीज नऊशे रुपयांनी चुकली. उत्तर नीट काढून वहीत उतरवताना ६८,७५६ असं उलटंपालटं लिहिलं तरी तेच होईल, कारण अंक तेच आहेत, फक्त जागा बदलल्या.

लांब पानावर आणखी एक फट सापडते. वीस-पंचवीस रकमा असल्या की एखादा रकाना नव्वदीत जातो. तिथे हातचा नऊ असतो, आणि तो अख्खा विसरला तर ताळ्याला पत्ताही लागत नाही. १,२५१ किंवा ३५१ सारखी रक्कम बेरजेत घ्यायची राहिली तरी तसंच, कारण तिचा शेष शून्य आहे.

वर्गणीच्या वहीची बेरीज तीनदा केली, नऊचा ताळाही तीनदा जुळला. पेटीत मात्र वहीपेक्षा ४५० रुपये जास्त आहेत. कमी असते तर समजलो असतो!

जास्त पैसे निघाले की खजिनदाराची झोप जास्त उडते, हे खरं आहे.

तुमची बेरीज बरोबरच असणार. वहीत जे लिहिलं आहे त्याची बेरीज नीट झाली की नाही, एवढंच ताळा सांगतो. पावतीवरून वहीत रक्कमच चुकीची उतरली असेल, तर चुकीच्या रकमेचा शेष चुकीच्या एकुणाशी छान जुळतो. म्हणून शेष वहीवरून न काढता पावतीच्या स्थळप्रतीवरून काढावेत.

पण तुमच्या बाबतीत तेवढ्यानेही भागलं नसतं असा माझा अंदाज आहे. ४५० ला ९ ने भागा : ५० येतात. फरकाला नऊचा पूर्ण भाग गेला की माझा पहिला संशय जागा बदललेल्या अंकांवर किंवा कमीजास्त झालेल्या शून्यावर जातो. आणि वर्गणीच्या वहीत ४५० चा फरक म्हणजे ५०१ ची पावती ५१ म्हणून उतरलेली असणार. दोन्हींचा शेष सहाच. ५१ ची प्रत्येक नोंद पावतीशी ताडून पाहा.

वर्गणीच्या रकमांना हा ताळा लावणं जरा अवघडच आहे. शुभ म्हणून शेवटी एक लावतो, आणि मधे नुसती शून्यं वाढत जातात. ११, १०१, १,००१ या तिन्हींचा शेष २. ५१, ५०१, ५,००१ या तिन्हींचा ६. सर्वांत जास्त घोळ ज्या आकड्यांत होतो, तिथेच हा ताळा आंधळा. याच हिशोबाने फरक ९० निघाला तर ११ आणि १०१ च्या पावत्या आधी काढायच्या, ९०० निघाला तर १०१ आणि १,००१ च्या.

मी बी.कॉम. करते आहे. तेरजेतल्या जमा आणि नावे या दोन बाजूंच्या बेरजा जुळल्या नाहीत की फरक नऊने भागून बघ, असं आमचे सर सांगतात. भागल्यावर पुढे काय करायचं ते कळत नाही.

भागाकार फेकून देऊ नकोस, चुकीचा पत्ता त्यातच असतो.

समज फरक २७० आहे. भागाकार ३०. शेवटी एक शून्य आहे, म्हणजे घोळ दशक आणि शतकाच्या घरांत. तीन म्हणजे त्या दोन घरांतल्या अंकांतला फरक. तेव्हा शतक-दशकाच्या अंकांत तीनचा फरक असलेल्या नोंदी आधी पाहायच्या. ४,७४० हे ४,४७० म्हणून खतावलं असेल, तर सात आणि चार, फरक तीन, बरोबर बसतं. भागाकारात शून्य नसेल, नुसता एक अंक आला असेल, तर उलटापालट एकक-दशकात.

आख्खी रक्कमच एक घर सरकली असेल, तर भागाकार म्हणजे त्या जोडीतली लहान रक्कमच असते. फरक ११,२५०, भागाकार १,२५०. मग वहीत १,२५० किंवा १२,५०० कुठे आहे ते शोध. दोन्हींपैकी एक चुकीची आहे.

मात्र फरकाला नऊचा भाग जातो म्हणून उलटापालटच झाली, असं ठरवून बसू नकोस. २७० रुपयांची एखादी नोंद सरळ राहूनही गेलेली असू शकते. मी आधी फरकाएवढी रक्कम शोधतो, मग फरकाच्या निम्मी, कारण जमेची रक्कम चुकून नावे टाकली की फरक दुप्पट होतो, आणि त्यानंतरच नऊने भागतो.

ही रीत वेदांत आहे ना?

नाही. आपल्याकडे ती स्पष्ट नियम म्हणून मिळते दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धान्तात, साधारण इ.स. ९५० च्या सुमारास. शून्याच्या गोष्टींत ज्याचं नाव येतं तो पाचव्या शतकातला आर्यभट वेगळा. पुढे १२०२ मध्ये इटलीच्या फिबोनाचीनेही आपल्या ग्रंथात हाच ताळा वापरला.

आता बेरीज कॅल्क्युलेटर करतो. मग ताळ्याची गरज काय? आणि नऊपेक्षा बरा ताळा आहे का?

यंत्र हातचा विसरत नाही. म्हणजे नऊचा ताळा ज्या चुका हमखास पकडायचा, त्याच आता होत नाहीत. आता चुकतात बोटं. ६,२७८ ऐवजी ६,७२८ दाबलं जातं किंवा एक शून्य जास्त पडतं, आणि या दोन्ही चुका नऊच्या ताळ्यातून सुटतात. त्यामुळे यंत्राच्या बेरजेला मी नऊचा ताळा लावतच नाही, नव्याण्णवचा लावतो.

तो अवघड नाही. एकेक अंकाऐवजी उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडायच्या आणि त्या मिळवायच्या. उत्तर शंभर किंवा त्याहून मोठं झालं तर पुन्हा जोड्या. मांडवाचे १८,७५० म्हणजे ५० + ८७ + १ = १३८, त्याचे ३८ + १ = ३९. याच रीतीने बाकीचे शेष येतात २५, ६४, ४१, ८५, ५६ आणि ५५. सगळे मिळून ३६५, म्हणजे ६८. एकूण ६८,५७६ चे ७६ + ८५ + ६ = १६७, म्हणजे तेही ६८. आता मघाची उलटीपालटी रक्कम ६८,७५६ घ्या : ५६ + ८७ + ६ = १४९, म्हणजे ५०. पकडली. चार-पाचची अदलाबदल झालेले ६९,४७६ : शेष ७७. तेही पकडले. ५१ आणि ५०१ सुद्धा आता वेगळे दिसतात, ५१ आणि ६.

शेष काढताना यंत्राच्या पडद्याकडे न पाहता पावतीकडे पाहायचं, हे इथेही लागू.

पण जोड्यांनाही आपली घरं कळत नाहीत. रक्कम दोन घरं सरकली, किंवा एकाआड एक असलेले दोन अंक आपसांत बदलले, तर हा ताळाही जुळून जातो. रुपये-पैशांत नेमकं हेच होतं. पैशांसह बेरीज करताना ७५ रुपये म्हणून ७५.०० दाबायचं आणि टिंब राहून ७५०० पडायचं. शेष दोन्हीकडे ७५. त्यासाठी मी एकच करतो : बेरीज झाल्यावर पानावरची सर्वांत मोठी रक्कम पाहतो आणि ती पावतीशी ताडतो, कारण टिंब सुटलेली नोंद बहुतेक वेळा तिथेच जाऊन बसलेली असते.