त्याने सट्ट्यात घालवले, पण तुम्ही तर हातउसनेच दिले होते ना?

ताई, शाळेपासूनच्या मित्राने आईच्या ऑपरेशनसाठी म्हणून ४५ हजार घेतले, मी ऑनलाइन टाकले. नंतर कळलं सगळे क्रिकेटच्या सट्ट्यात गेले. ५ हजार दिले त्याने, बाकीचे नाही, पगार १८ हजार आहे त्याचा. भांडण नको पण पैसे पण सोडायचे नाहीत. मेसेज लिहून ठेवलाय, बघून सांगा. (भुसावळ)

तुमचा मेसेज वाचला दादा. "आईच्या नावाने खोटं बोलून सट्टा खेळलास, आठ दिवसात पूर्ण पैसे पाहिजेत, नाहीतर बघ." राग बरोबर आहे तुमचा, पण हा मेसेज पाठवू नका, कारण याला उत्तर येणार ते खोटेपणाच्या आरोपाला येणार, पैशाला नाही. तो म्हणेल आईची शपथ, तुम्ही म्हणाल मला सगळं माहितीये, आणि ४० हजार राहिले बाजूला. "नाहीतर बघ" चा स्क्रीनशॉट उद्या तुमच्याच विरोधात दाखवतील ते वेगळं.

पण सगळ्यात मोठी चूक आहे ती "आठ दिवसात पूर्ण". ज्याचा पगार १८ हजार आहे तो आठ दिवसात ४० हजार आणणार कुठून? सट्टा लागलेल्या माणसाच्या डोक्यात याचं एकच उत्तर असतं, आज रात्रीची मॅच. म्हणजे तुम्ही दम दिला की तो अजून खेळतो, आणि मग तुमचे तर येत नाहीतच, अजून दोघांचे बुडतात. माझ्याकडे अशी जेवढी माणसं येतात त्यातले बरेच जण सांगतात की मोठा लॉस झाला तो कोणीतरी एकरकमी मागितल्यावरच झाला. म्हणून रक्कम अशी मागा की जी पगारातून निघेल, आणि तारीख अशी की पगार खात्यात आला की दुसऱ्याच दिवशी, तो पैसा ॲपकडे वळायच्या आधी.

मी असं लिहिलं असतं:

"पक्या, १८ ऑक्टोबर २०२५ ला तुला ४५,००० हातउसने दिले होते, त्यातले ५,००० तू फेब्रुवारीत परत केले, ४०,००० बाकी आहेत. मला आता ते लागताहेत. एकदम नको, तुझा पगार ७ तारखेला होतो तर ८ तारखेला ५,००० टाकत जा, ८ जूनपासून ८ जानेवारीपर्यंत आठ हप्ते. पगारातूनच पाहिजेत भो, दुसरीकडून आणून नको. ५ जास्त होत असतील तर तू आकडा सांग, पण आकडा आणि तारीख दोन्ही सांग. ४०,००० बाकी आहेत हे बरोबर आहे ना, तेवढं आज लिहून पाठव. बाकीचं आपण समोर बसून बोलू, मी रागात नाहीये."

यात सट्टा हा शब्द कुठेच नाही बघा. "पगारातूनच पाहिजेत, दुसरीकडून आणून नको" यात त्याला काय कळायचं ते कळतं. आणि मुद्दा असा की त्याने पैसे कशात घालवले याच्याशी तुमच्या उधारीचा संबंधच नाही. तुम्ही दवाखान्यासाठी दिले, हातउसने दिले, त्याने त्याचे पेढे वाटले काय अन् मॅचवर लावले काय, देणं तेवढंच राहतं. तुम्हीच मेसेजमध्ये सट्टा सट्टा लिहिलं तर उद्या तो म्हणू शकतो की याला माहिती होतं, त्याने खेळायलाच दिले होते, आणि ते का महाग पडतं ते पुढच्या प्रश्नात येतंच.

मेसेज सकाळी पाठवा, पगाराच्या दोन-तीन दिवस आधी. आयपीएल चालू असेल तर संध्याकाळी अजिबात नको, साडेसातला मॅच चालू झाली की तो माणूस तुमचा नसतो. उत्तर नाही आलं तर चार दिवस थांबा आणि फक्त "४०,००० चं काय ते लिही" एवढं टाका, परत लांबलचक नको. पहिला हप्ता चुकला तर ९ तारखेला एकच ओळ, "कालचे ५,००० आले नाहीत, आज टाक". दोन हप्ते चुकले की टायपिंग बंद करून सरळ घरी जा, सोबत दोघांच्या ओळखीचा एखादा मोठा माणूस घ्या, त्याचा मामा असेल तर बेस्ट.

ताई, मला माहीत होतं तो आयपीएलवर लावतो. जिंकल्यावर डबल देतो म्हणाला म्हणून मीच २० हजार दिले. आता फोन उचलत नाही. केस टाकता येईल का? (चाळीसगाव)

टाकता येईल, पण टिकायचं अवघड आहे, आणि हे मी आधीच सांगते म्हणजे वकिलाची फी वाचेल.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार शून्य, त्यातले जिंकलेले पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. आता कोणी म्हणेल मी तर पैज लावलीच नाही, मी फक्त पैसे दिले. देशात बाकी बऱ्याच ठिकाणी हा मुद्दा चालतो, पण आपल्याकडे जुन्या मुंबई इलाख्याचा १८६५ चा एक कायदा आहे आणि खान्देश त्या इलाख्यातच होता. त्याच्यामुळे पैजेला मदत म्हणून केलेला सोबतचा व्यवहार पण शून्य ठरतो. म्हणजे समजून उमजून खेळायला पैसे दिले की आपण कडेला उभे नसतो, आपण पण त्या पैजेत उतरलो असं धरतात. भुसावळवाल्या दादांचं तसं नाही, त्यांना दवाखाना सांगितला होता. आणि डबलचं तर विसराच.

आपल्याकडे आखाजीला घराघरात पत्ते बसतात, म्हातारी माणसंपण दहा-वीस रुपये लावतात, त्यामुळे "थोडं खेळलं तर काय होतं" हे आपल्याला लहानपणापासून ओळखीचं वाटतं. पण आखाजीचा डाव संध्याकाळी उठतो, मोबाईलवरचा उठतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तरी बाहेरच्या देशातून चालणारे ॲप आणि गावातले आयडी देणारे आहेतच.

मग तुम्ही काय करायचं, तर मैत्रीवर मागायचं. खोटं कारण मेसेजमध्ये घुसडू नका, "दवाखान्यासाठी दिले होते" असं आता लिहिलं आणि त्याच्याकडे जुनं चॅट असलं तर तुमचंच तोंड काळं. साधं लिहा: "डबलचं सोड, माझे २०,००० च दे, दर महिन्याला २,००० दे, दहा महिन्यात मिटवून टाकू." मागे कोर्टाचा जोर नाही हे तुम्हाला माहिती आहे म्हणून हप्ता लहान ठेवा, आणि मेसेजमध्ये कोर्टाचं नाव पण काढू नका, पोकळ धमकी त्याला लगेच कळते.

कापसाचे पैसे आले होते त्यातले ६० हजार मित्राला रोख दिले, अडीच वर्षं झाली, चिठ्ठी नाही काही नाही. तो सट्ट्यात पार बुडालाय. मेसेज टाकून काय फायदा? (शहादा)

फायदा तुम्हालाच सगळ्यात जास्त आहे अप्पा, कारण तुमच्याकडे पुरावा नाही आणि मुदत पण संपत आलीये. उसने पैसे वसूल करायचा दावा पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षांच्या आत टाकावा लागतो, म्हणजे तुमच्याकडे सहा महिने आहेत.

तुमचा मेसेज असा पाहिजे की उत्तर दिलं की कबुली आपोआप यावी. "पैसे कधी देतो" असं विचारलं की उत्तर येतं "बघतो". "कपाशीच्या वेळी तुला ६०,००० रोख दिले होते, त्यातले या महिन्यात किती देतोस?" असं विचारलं आणि तो म्हणाला "१० देतो, बाकीचे नंतर", तर ६० हजार त्याने मान्य केल्यासारखंच झालं. ते चॅट डिलीट करू नका, आणि फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट लागतं, २०२३ च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे.

पण चॅटवर सगळं सोडू नका. तीन वर्षं संपायच्या आत त्याने सही करून देणं मान्य केलं तर त्या दिवसापासून नवीन तीन वर्षं मोजतात. मुदत संपल्यावर घेतलेल्या सहीला तो फायदा मिळत नाही. व्हॉट्सॲपवरच्या "हो"ला सही म्हणायचं की नाही यावर समोरचा वकील भांडत बसेल, म्हणून कागद बरा. साध्या कागदावर, "अमुक तारखेला यांच्याकडून ६०,००० रोख हातउसने घेतले, अजून देणे आहे", खाली त्याची सही आणि आजची तारीख, दोन साक्षीदार असले तर उत्तम. रागाने जाऊ नका, "माझ्या घरात मला दाखवायला काहीतरी दे भो" असं म्हटलं की बहुतेक मित्र सही करतात. व्याज मात्र लिहू नका, विनापरवाना सावकारीचा आरोप कशाला ओढवून घ्यायचा.

त्याच्या बायकोला सांगू की मित्रांच्या ग्रुपवर टाकू? (अमळनेर)

ग्रुपवर नाही, कधीच नाही. इज्जत गेली की माणसाला परत करायची गरजच उरत नाही, वर बदनामीची तक्रार तुमच्यावर.

बायकोचं मला एकदम हो किंवा नाही म्हणता येत नाही. माझ्या वर्गातल्या एकाला मीच पैसे दिले होते, वहिनीला सांगायला लाज वाटली म्हणून गप्प बसले, आणि चार महिन्यांनी कळलं की तिची पोत पण गहाण पडली होती. तेव्हापासून मी असं करते की आधी त्याला सांगते, "रविवारपर्यंत तू घरी सांग, नाहीतर मी सांगेन", आणि रविवारी खरंच जाते. पण वसुलीसाठी नाही. तिच्याकडे पैसे मागायचे नाहीत, ते देणं तिचं नाही. जाताना १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर देऊन येते, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तो म्हणतो अजून ५ हजार दे, लॉस कव्हर करून तुझे सगळे एकदम देतो. (पारोळा)

नाही. त्याला एवढंच टाका: "अजून नाही देणार पक्या, आज पण नाही अन् पुढे पण नाही. जेवायला घरी ये, आईने भरीत केलंय. आणि ८ तारखेचे टाकायला विसरू नको."