शिक्क्यासाठी लोगो एकरंगी करताना

तुझ्या म्हापशाच्या काजूवाल्याच्या लोगोत लाल बोंडू आणि हिरवं पान चिकटून आहेत. करड्यात नेल्यावर दोघांची छटा जवळपास सारखीच होते, म्हणून थ्रेशोल्डचा स्लायडर कितीही सरकव, एकच काळा गोळा उरणार. त्याऐवजी चॅनल वेगळे कर. लाल चॅनलमध्ये बोंडू पांढरा पडतो, पान काळं राहतं. हिरव्यात नेमकं उलट. दोन्ही आकार असे सुटे काढ आणि मध्ये पांढरी फट सोडून जोड.

हे सगळं आधी प्रत्यक्ष मापात, 1200 डीपीआयला मोठं करून. त्यात 1 मिमी म्हणजे साधारण 47 पिक्सेल, त्यामुळे फट निदान 20 पिक्सेल ठेव; त्याहून बारीक असली तर शाईने बुजते.

कडा दातेरी दिसल्या तर 4-5 पिक्सेल गॉशियन ब्लर देऊन पुन्हा मधोमध, 127 च्या आसपास, थ्रेशोल्ड लाव. कडा गुळगुळीत होतात, पण टोकंही गोल होतात. म्हणून अक्षरांवर हा प्रयोग नको, ती सरळ नव्याने टाईप कर. पानाच्या बारीक शिरा तर पुसूनच टाक, गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी. मग लेझर प्रिंटरवर खऱ्या मापात छापून बघ. स्क्रीनवरच्या झूमवर विसंबू नकोस.