भाकरतुकड्यानंतरची दहा मिनिटं

लीड्सहून एका आईचं पत्र आलंय. सासर सांगलीचं, गावभागातलं. मागच्या नाताळच्या सुट्टीत पाच वर्षांच्या लेकीला घेऊन ते तिघे पहिल्यांदाच आले. दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि आत पाऊल ठेवल्याबरोबर चौदा माणसांनी एकदम सांगायला सुरुवात केली: "आजोबांच्या पाया पड, आत्याला नमस्कार कर, मला ओळखलंस का, नाव सांग बघू." मुलगी आईच्या ओढणीत शिरली. आईला शरम वाटली, तिने मानेवर हात ठेवून लेकीला वाकवलं. मुलगी रडली, सासरे गप्प बसले आणि आजेसासूबाई म्हणाल्या, "तिकडं शिस्त म्हणून नाहीच बघा." यंदा परत निघायचंय. आई विचारते, जोर करू की सोडून देऊ?

ताई, दोन्ही नको. साताऱ्यात मी बत्तीस वर्षं बालवाडी चालवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात दारात थांबून नुसतं बघणारी मुलं दर वर्षी असायची. १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये थॉमस आणि चेस या डॉक्टर दांपत्याने मुलांचे स्वभाव वर्षानुवर्षं पाहायला सुरुवात केली. त्यांना शंभरातली साधारण पंधरा मुलं सावकाश रुळणारी आढळली. अशी मुलं नव्या माणसापासून आधी मागे सरतात. घाई केली नाही तर पुढे येतात, रेटलं तर आणखी मागे जातात. हा त्यांचा स्वभाव असतो, त्यात वळणाचा दोष नसतो. शिवाय तुम्ही सकाळी सातला पोचलात, म्हणजे तिच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचा दीड वाजला होता. त्या वेळी मोठं माणूससुद्धा धड बोलत नाही.

आता नीट बघा, त्या दोन मिनिटांत तिच्याकडून एकदम तीन गोष्टी मागितल्या गेल्या. नमस्कार, बोलणं आणि अंगाला हात लावू देणं. माझ्या मते यातला फक्त नमस्कार मागावा, कारण समोरच्या माणसाची दखल घेणं पाच-सहा वर्षांच्या मुलाला जमतं आणि ते शिकवायलाच हवं. पण तो नमस्कार तिच्या आवाक्यातला हवा. तुमच्या शेजारी उभं राहून, चार पावलांवरून हात जोडले की झालं. तोंडातून शब्द नाही निघाला तरी चालेल. पाया पडणं तिच्या मनात येईल तेव्हा. गालगुच्चा, पापी, मांडीवर बसणं हे तिने नाही म्हटलं की नाही. तिथे तुम्ही तिच्या बाजूने उभं राहा. सख्ख्या आत्याला वाईट वाटलं तरीही.

तयारी लीड्सला, निघायच्या सहा आठवडे आधीपासून. व्हिडिओ कॉलवर सगळं घर एकदम नको, एका वेळी एकच माणूस. आधी आजोबा, कारण दारात तेच समोर असणार. पाच मिनिटांचा कॉल पुरतो, आणि त्यात "बोल ना, बोल ना" नको. तिने एखादं चित्र दाखवावं, त्यांनी अंगणातलं मांजर दाखवावं.

दुसरी तयारी भाषेची आहे, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तिकडे घरात तुम्ही दोघं एकमेकांना तू म्हणता, तिलाही तू म्हणता. मग "या, बसा, तुम्ही पाणी घेणार का" हे मराठी तिच्या कानावर पडणार कधी? अशी मुलं आजोबांना "ये, बस" म्हणतात आणि इथे लोकांना तो उर्मटपणा वाटतो. म्हणून घरी पाहुण्यांचा खेळ खेळा. बाबांनी बाहेर जाऊन बेल वाजवायची, ते सांगलीचे आजोबा. लेकीने दार उघडून हात जोडायचे आणि म्हणायचं, "या आजोबा, बसा." ती यजमान झाली की भीती निम्मी होते, कारण पुढे काय होणार हे तिला आधीच ठाऊक असतं. चार-पाच दिवसांनी अदलाबदल करा, तिने पाहुणी व्हायचं. रोज दोन मिनिटं पुरे, कंटाळली की थांबा.

तिसरी तयारी सासऱ्यांची, आणि ती तुमच्या यजमानांनी करायची. त्यांनी वडिलांना फोन करून सरळ सांगावं: "आण्णा, तिला माणसांत रुळायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी तिला कुणी हाका मारू नका. तुम्ही तुमच्या खुर्चीत बसून राहा, ती येईल." घरात आण्णांचा शब्द चालतो, चौदा जणांना मग तेच आवरतील.

भाकरतुकडा मात्र आवर्जून करू द्या. आपल्या रीतींत लाजऱ्या मुलासाठी इतकी सोयीची दुसरी नाही. त्यात मुलाने काहीच करायचं नसतं, नुसतं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. तुकडा आपल्याभोवती का फिरवणार आणि पायांवर पाणी का घालणार, एवढं गाडीत सांगून ठेवा.

आत गेल्यावर "आमची जरा लाजाळूच आहे" हे वाक्य तिच्यासमोर नको. मूल ते ऐकतं आणि तसंच वागायला लागतं. "थोड्या वेळाने येईल ती" एवढंच म्हणा. अर्ध्या तासाने तिच्या हातात भडंगाची वाटी द्या: "आजोबांना नेऊन दे, दोन्ही हातांनी." आजोबांनी वाटी घ्यावी, "वा, मोठी हो" म्हणावं आणि प्रश्न एकही विचारू नये. तेवढ्यात तिचा नमस्कार होऊन जातो.

निघतानाची वेळही सोडू नका. येताना गप्प राहिलेली मुलं जाताना सहज बोलतात. तिला "येते हं आजी" म्हणायला शिकवा. आपण "जाते" म्हणत नाही, हेही तेव्हाच सांगा.

जोर कुठे करायचा, तेही सांगते. आठवड्याने ती घरभर हुंदडते आहे, चुलतभावाशी भांडते आहे आणि पाहुणे आले तरी टॅबवरची मान वर करत नाही, तर तो लाजाळूपणा नव्हे. टॅब बाजूला ठेवायला लावा, हात जोडायला लावा, मग खेळू द्या. लाजरं मूल माणूस आलं की आक्रसतं, कपडा चावतं, आवाज बारीक होतो. बेफिकीर मुलाच्या अंगात असला कुठलाच बदल दिसत नाही. फरक तिथे ओळखायचा.

आणि एक निराळी गोष्ट. घरी घडाघडा बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ एक शब्दही बोलत नसेल, तर ती निवडक अबोलता असू शकते. ती चिंतेतून येते, हट्टातून नाही. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत. इंग्रजी नव्याने शिकणारी मुलंही सुरुवातीला बरेच दिवस गप्प असतात, म्हणून तपासणाऱ्याला घरच्या मराठीबद्दल जरूर सांगा. मराठी बोलणाऱ्या अनोळखी माणसांसमोरही तोंड मिटलेलंच राहत असेल, तर शाळेमार्फत वाचा-भाषा तज्ज्ञाकडे जा. तुमच्या पत्रात लिहिलंय की शाळेत ती मैत्रिणींशी आणि बाईंशी बोलते, तेव्हा तुम्हाला हा रस्ता धरायचं कारण दिसत नाही.

मागच्या वेळी मान वाकवल्याचं तिला आठवत असेल. निघण्याआधी एकदा शांतपणे सांगा, "मागच्या वेळी मी तुला जोराने वाकवलं, ते माझं चुकलं. या वेळी तू फक्त हात जोड, मी शेजारी उभी आहे." आणि दारात खरोखर शेजारी उभ्या राहा. बॅगा तुमचे यजमान उतरवून घेतील.