लोड झुलल्याच्या निअर मिसचा ईमेल सेफ्टी ऑफिसरला कसा लिहावा?

प्रश्न: मी नवीन सुपरवायझर आहे. आज क्रेनने बीम उचलताना तो झुलला आणि हेल्पर थोडक्यात वाचला. कोणाला लागलं नाही. सेफ्टी ऑफिसरना ईमेल करायचा आहे, पण त्यात नेमकं काय लिहू? माझ्या माणसांवर शेकेल का?

उत्तर:

आधी फोन करा, मग ईमेल, आणि तोही शिफ्ट संपायच्या आत. रात्र गेली की प्रत्येकाची आठवण थोडी थोडी बदलते.

माझा असा पहिला ईमेल दोन ओळींचा होता: ‘लोड अचानक हलला. कामगाराला सावध राहायला सांगितलं आहे.’ सेफ्टी ऑफिसर तो वाचून थेट साइटवर आले आणि म्हणाले, "अचानक म्हणजे काय? लोड कुठून कुठे गेला ते सांगा." तेव्हापासून हा शब्द मी रिपोर्टात लिहीत नाही.

आमचा प्रसंगही तुमच्यासारखाच होता. १.४ टनांचा बीम जमिनीवरून उचलायचा होता. हूक बीमच्या बरोबर वर नव्हता, कॉलमच्या बाजूला साधारण ६० सेंटीमीटर सरकलेला होता. त्यामुळे स्लिंग ताणली तेव्हा दोर तिरका होता. अशा वेळी बीम जमीन सोडताच हुकाखाली येतो, पण तिथे थांबत नाही. जवळजवळ तेवढाच पलीकडे जातो, म्हणजे एकूण १.२ मीटर. बीम आणि कॉलम यांच्यात जागा होती दीड मीटर, आणि हेल्पर नेमका त्या जागेत उभा होता. उरली ३० सेंटीमीटर. सिग्नलमन ओरडला म्हणून तो बाजूला निघाला.

बूमच्या टोकापासून लोडपर्यंत ९ मीटर अंतर असेल तर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला जवळपास ३ सेकंद लागतात. चाल इतकी संथ दिसते की माणसाला वाटतं, हाताने थोपवू. आमच्या हेल्परनेही हात पुढे केला होता. ही गोष्ट ईमेलमध्ये हवीच, कारण पुढच्या वेळी दुसरा कोणी हेच करणार.

मी पुढे असा मजकूर वापरू लागलो:

> विषय: निअर मिस – बीम उचलताना लोड झुलला, इजा नाही, काम थांबवलं आहे
>
> सर, फोनवर बोलल्याप्रमाणे कळवतो. आज सकाळी १०:४० ला मोबाइल क्रेनने १.४ टनांचा बीम उचलताना तो क्रेनला आडवा, कॉलमच्या दिशेने झुलला. एक हेल्पर बीम आणि कॉलम यांच्यामध्ये होता. सिग्नलमनने ओरडल्यावर तो बाहेर पडला. इजा किंवा नुकसान नाही.
>
> बीम ठेवलेल्या जागेपासून कॉलमपर्यंत १.५ मीटर (टेपने मोजलं). बीम कॉलमपासून अंदाजे ३० सेंटीमीटरपर्यंत आला. हूक बीमच्या मध्याबाहेर अंदाजे ६० सेंटीमीटर होता. टॅगलाइन बांधलेली नव्हती. उचलण्याआधी जागा रिकामी आहे का, हे मी स्वतः पाहिलं नाही.
>
> लोड खाली ठेवला आहे, भाग बॅरिकेड केला आहे, स्लिंग तशीच आहे, फोटो जोडले आहेत. तुम्ही पाहिल्याशिवाय काम सुरू करणार नाही.

मोजलेलं आणि अंदाजाचं वेगळं लिहा. झोक क्रेनच्या तुलनेत कुठल्या दिशेला होता तेही लिहा. लोड क्रेनपासून दूर, बाहेरच्या बाजूला गेला असेल, तर वजन आल्यावर बूम थोडा वाकून रेडियस वाढला होता का, हे ते तपासतील. आडवा गेला असेल तर हुकाची जागा किंवा स्ल्यूइंग आधी पाहतील. कारण शोधणं त्यांच्यावर सोडा, तुम्ही दिशा नीट सांगा.

‘टॅगलाइन नव्हती’ हे कारण म्हणून लिहायचा मोह होतो. ती नव्हती हे नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका. टॅगलाइनने लोड गरगर फिरत नाही आणि माणूस लांब उभा राहू शकतो. हूकच बाजूला सरकलेला असेल तर टॅगलाइन धरलेला एक माणूस १.४ टन रोखू शकणार नाही. आमच्याकडे पुढे बदल झाला तो असा: हूक बरोबर वर आणायचा, लोड जमिनीपासून वीतभर उचलून थांबवायचा, झोक नाही हे सिग्नलमनने पाहायचं, मगच वर घ्यायचा. आणि लोड व अडथळा यांच्यामधल्या जागेत कोणी नाही, याची खात्री सुपरवायझरने करायची.

आता शेकण्याबद्दल. नावांऐवजी हेल्पर, सिग्नलमन, ऑपरेटर असं लिहा. नावं हवी असतील तर ते विचारतील. ‘हेल्परचा निष्काळजीपणा’ लिहिलंत तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल: तो तिथे उभा असताना लिफ्ट सुरू कशी झाली? ‘जागा रिकामी आहे का, हे मी स्वतः पाहिलं नाही’ ही ओळ लिहिताना माझा हात अडखळला होता. पण चौकशीत ती तशीही निघालीच असती, आणि माझ्या ईमेलनंतर हेल्परला कोणी काही बोललं नाही.